आठ महिन्यांच्या पोट्ट्याचे सहा फोटो

उमरेडवरून बोलतोय. परवा ताईने व्हॉट्सअॅपवर भाच्याचे सहा फोटो टाकले. म्हणे, "यातला पासपोर्टचा कोणता, पटकन सांग." भाऊजी दुबईत, सोमवारी नागपूरला अपॉइंटमेंट. आपले फोटो पासपोर्ट केंद्रावरच काढतात, पण चार वर्षांखालच्या लेकराचा फोटो आपणच न्यायचा असतो: साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर, मागे पांढरं.

घरातल्या सगळ्यांचं मत पहिल्या फोटोला. बोळक्या तोंडाने हसतोय, काय गोड! पण तोंड मिटलेलं हवं, म्हणून तो बाद. दुसऱ्यात मानेखाली आजीची बोटं दिसतात, आणि फोटोत दुसरं माणूस चालत नाही, बोटसुद्धा नाही. तिसऱ्यात तो खुळखुळ्याकडे बघतोय. मान वळली की एक गाल लपतो, आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा दिसायला पाहिजेत.

चौथा भिंतीला टेकवून, फ्लॅश मारून काढलेला. चेहरा छान, पण कानामागे काळी सावली. ताई म्हणाली, "अॅपने मागचं पांढरं करते ना." मी नको म्हटलं. बाळाचं जावळ इतकं विरळ असतं, की अॅप सावलीसोबत केस आणि कानाची कडही खातं. बोटांनी मोठं करून बघा, लगेच कळतं.

उरले दोन, दोन्ही पांढऱ्या चादरीवर झोपवून काढलेले. पाचवा जवळून, चेहरा मोठा. पण खिडकी डाव्या बाजूला होती, म्हणून उजवा गाल काळपट आणि चादरीवर डोक्याची सावली. सहाव्यात ताईने त्याचे पाय खिडकीकडे केले होते, त्यामुळे दोन्ही गालांवर सारखा उजेड. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मान सरळ. अडचण एकच, डोकं फारच लहान. नियमाप्रमाणे चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापायला हवा, आणि इथे अर्धाही नव्हता.

तरी मी सहावाच निवडला. का? डोकं लहान असेल तर कापून मोठं करता येतं, गालावरची सावली मात्र कापून जात नाही. फक्त व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो कापायचा नाही, तो आधीच दाबलेला असतो, मोठा केला की पापण्या पुसट होतात. ताईला म्हटलं, मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव.

प्रिंट आल्यावर पट्टी लावली. हनुवटीपासून टाळूपर्यंत छत्तीस मिलिमीटरच्या थोडं वर, म्हणजे ८० टक्क्यांच्या पुढे. चादरीची एक चुणी कानाजवळ दिसत होती, तीही कापण्यात गेली.

आजी अजून रुसलेल्या आहेत. पहिला फोटो त्यांनी डीपीला लावलाय.