एका पत्राचे उत्तर
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळींपैकी अनेकांची दुकाने आहेत, काहींचे छोटे कारखाने आहेत, आणि बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी नोकरीच्या शोधात आहे. तेव्हा एक प्रसंग आज ना उद्या आपणां सर्वांवर येणार. आपल्याकडून गेलेला माणूस दुसरीकडे नोकरी मागतो, आणि तो नवा मालक आपणांस विचारतो की, ‘हा माणूस कसा होता?’ त्यास काय लिहावे, एवढाच आजचा विषय आहे. उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही स्वतः एकदा कसे चुकता चुकता वाचलो, तेच सांगतो.

हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात आम्ही व्यवस्थापक होतो. 2018 सालच्या मार्च महिन्यात नागपूरच्या एका गोदामवाल्यांची प्रश्नावली आली. आमच्याकडे तीन वर्षे आवक-जावक नोंदवही सांभाळणारा एक तरुण जानेवारीत राजीनामा देऊन गेला होता. त्याने आमचे नाव दिले होते, आणि आमच्याकडे चौकशी करण्यास हरकत नाही असे त्याच्या सहीचे पत्रही सोबत होते. हे पत्र आम्ही प्रथम पाहिले. ज्याच्याविषयी विचारणा होते, त्याची संमती आहे किंवा नाही, आणि विचारणारा खरोखरच त्यास नोकरी देणारा आहे किंवा नाही, हे कळल्यावाचून एक ओळही लिहू नये. सोयरीक जुळविण्यापूर्वी मुलाची माहिती काढण्यासाठीही कोणी ‘आम्ही त्यास ठेवणार आहोत’ असे सांगून फोन करतो, हे आपणांस ठाऊकच आहे.

प्रश्न सहा होते. नोकरीचा काळ, हुद्दा, शेवटचे वेतन, सोडण्याचे कारण, कामातील नियमितपणा. आणि सहावा, ‘मालाच्या बाबतीत विश्वासू होता काय? पुन्हा ठेवाल काय?’

पहिल्या चारांची उत्तरे हजेरीपटावर आणि राजीनाम्याच्या कागदावर होती. अडचण सहाव्याची. त्या हंगामात भाव चढण्याची वाट पाहत मालकांनी नोव्हेंबरमध्ये घेतलेल्या कापसाची एक गंजी राखून ठेविली होती. नोंदवहीप्रमाणे तीत 600 क्विंटल कापूस होता. जानेवारीत ती जिनवर घेताना काट्यावर 578 क्विंटल भरला. बावीस क्विंटलांची तूट! मालक संतापले, त्या तरुणास चार माणसांदेखत बोलले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. लेखी आरोप नाही, खुलासा मागितला नाही, चौकशी नाही. परंतु कारखान्यात, आणि पुढे गावात, ‘त्याने कापूस काढला’ असे सर्वजण धरून चालले. लपवून काय उपयोग, आम्हीही धरून चाललो होतो.

म्हणून आमच्या पहिल्या मसुद्यात सहाव्या प्रश्नापुढे ‘मालाच्या बाबतीत समाधानकारक नव्हता’ असे लिहिले होते. वाक्य किती सभ्य दिसते! आणि गोदामात नोकरी मागणाऱ्याचे पोट कापण्यास ते किती पुरेसे होते!

मसुदा रात्रभर टेबलावर राहिला. सकाळी, हे वाक्य कोणत्या कागदावरून लिहीत आहोत, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. कागद काढावे म्हणून नोव्हेंबरच्या खरेदीपावत्या आणविल्या. प्रत्येक पावतीवर वजनाशेजारी आर्द्रतेचा रकाना होता, आणि त्यात अकरा, बारा, तेरा असे आकडे होते. सरासरी बारा टक्के धरली. म्हणजे 600 क्विंटलांत 72 क्विंटल पाणीच होते, आणि कोरडा माल 528 क्विंटल. दोन महिन्यांत तोच कापूस वाळून आर्द्रता आठ टक्क्यांवर आली, तर कोरडा माल तितकाच राहतो. परंतु तो आता एकूण वजनाचा ब्याण्णव टक्के भाग असतो. 528 क्विंटलांस हा हिशेब लावला की वजन सुमारे 574 क्विंटल येते. एक मूठ कापूस न चोरता सव्वीस क्विंटल घट पडू शकते. आमची तूट बावीसचीच होती.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जिनवर घेतानाची आर्द्रता कोणी मोजली नव्हती. त्यामुळे चोरी झालीच नाही, हे या हिशेबाने सिद्ध होत नाही. इतकेच सिद्ध होते की, आमच्या संशयास आधार नव्हता. पण पत्र लिहिणारास एवढे पुरे. आपण न्यायाधीश नसतो. आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, एवढेच आपण सांगू शकतो.

आता कायद्याविषयी थोडे, कारण पुष्कळांची एक समजूत चुकीची आहे. ‘खरे लिहिले की भीती नाही’ असे आपण म्हणतो. फौजदारी कायद्यात केवळ खरे असणे पुरत नाही. ते सांगणे लोकहिताचेही असावे लागते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेचे 499 वे कलम असे होते, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमातही तेच आहे. तथापि त्याच कलमात मालकांच्या उपयोगाचा एक अपवाद दिला आहे. आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावाने केलेले विधान बदनामी ठरत नाही. त्याचे उदाहरणही दुकानदाराचेच आहे. अमक्यास रोख पैसे घेतल्यावाचून माल देऊ नको, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी मला खात्री नाही, असे दुकानदार आपल्या कारभाऱ्यास सांगतो; सद्भाव असेल तर तो सुरक्षित आहे. मात्र सद्भाव म्हणजे मनात वाईट नसणे, एवढाच अर्थ कायदा घेत नाही. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाची नव्हे, असे तो स्पष्ट म्हणतो. पावत्या न पाहता लिहिलेले आमचे वाक्य या कसोटीस उतरले असते काय? आम्हांस तर वाटत नाही. आणि हे संरक्षण ज्यास जाणण्याचे कारण आहे त्यास सांगण्यापुरतेच असते. तीच गोष्ट लग्नाच्या पंगतीत सांगितली, तर तेथे कोणाचे हितरक्षण होते?

इंग्लंडमध्ये 1994 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅशुरन्स या खटल्यात हाच प्रश्न तपासला. विमा विकणाऱ्या एका गृहस्थाविषयी जुन्या कंपनीने इतके वाईट लिहिले की नव्या कंपनीने त्यास घेतले नाही. लिहिणारांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांनी तपास मात्र केला नव्हता. असे पत्र लिहिताना माजी नोकराविषयी वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य मालकावर आहे, असा निर्णय बहुमताने झाला. तो आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, परंतु विचारात घेण्याजोगा आहे.

मग सहाव्या प्रश्नाचे काय केले? जागा कोरी सोडावी, असे आमच्या कारकुनाने सुचविले. ते आम्हांस पटले नाही. पाच प्रश्नांची उत्तरे देऊन सहावा कोरा ठेवणे म्हणजे न बोलता बोलणे. वाचणारा त्या कोऱ्या जागेतच काय ते वाचतो. तेव्हा आम्ही मालकांस गाठून एक नियमच करून घेतला की, विश्वासूपणा आणि पुन्हा ठेवणे याविषयी कारखाना कोणाच्याही बाबतीत मत देणार नाही, मग तो मालकांचा भाचा का असेना. हा नियम सर्वांस सारखा लावला तरच त्याचा उपयोग आहे. एकाची स्तुती आणि दुसऱ्यास नियम, असे केले की तो नियम हेच दूषण होते.

इतक्यात त्या तरुणाचे काका आमच्या घरी आले. आपल्याच मंडळाचे जुने सभासद. ‘दादा, पोराचं आयुष्य आहे. चार चांगले शब्द लिहून द्या,’ असे म्हणाले. त्यांची तळमळ खोटी नव्हती. परंतु पाचवा प्रश्न नियमितपणाचा होता, आणि 2016 साली रोजची नोंदवही त्याच दिवशी पुरी न केल्याबद्दल त्यास दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. दोन्हींवर त्याची सही होती. गोदामाच्या मालकास नेमके हेच जाणून घ्यावयाचे होते. ते दडपून ‘अत्यंत नियमित’ असे लिहिले असते, तर आम्ही त्या अनोळखी माणसास फसविले असते. आणि नुसत्याच दोन ताकिदी लिहिल्या असत्या, तरीही फसविलेच असते, कारण दुसरीनंतर सव्वा वर्षात तक्रार नव्हती. अखेर पत्र गेले ते असे:

‘आपले पत्र व संबंधितांचे संमतिपत्र पोचले. सदर गृहस्थ आमचेकडे जानेवारी 2015 पासून जानेवारी 2018 पर्यंत आवक-जावक कारकून होते. त्यांनी स्वतः राजीनामा दिला. त्यात कारण नमूद नाही. शेवटच्या वेतनाचा दाखला सोबत जोडला आहे. 2016 साली नोंदवही वेळेवर पुरी न केल्याबद्दल त्यांस दोन लेखी ताकिदी देण्यात आल्या. त्यानंतर अशी नोंद नाही. त्यांचेविरुद्ध कोणतीही चौकशी झालेली नाही व प्रलंबित नाही. सहाव्या प्रश्नावर कोणत्याही माजी कर्मचाऱ्याविषयी मत न देण्याचा आमच्या कारखान्याचा नियम आहे. वरील माहिती आमच्या दप्तरावरून दिली असून ती केवळ आपल्या उपयोगासाठी आहे.’

‘चौकशी झालेली नाही’ हे वाक्य लिहिता आले, कारण ते खरे होते. लेखी आरोप देऊन, खुलासा घेऊन चौकशी पुरी झाली असती, तर तिचा निकाल तारखेसह लिहावा लागला असता. चौकशी चालू असताना माणूस निघून गेला असता, तर तेवढेच लिहून थांबावयाचे. ती पुरी झाली असती तर काय निघाले असते, हे लिहावयाचे नाही.

चार दिवसांनी गोदामाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. ‘पत्र मिळाले, पण आपल्या आपल्यात सांगा, माणूस कसा आहे?’ पत्रात जपून लिहिलेले सारे असल्या एका फोनवर वाया जाते. आम्ही दप्तरातील प्रत काढून त्यांस पहिल्यापासून वाचून दाखविली, आणि फोनची तारीख व वेळ त्याच प्रतीवर टिपून ठेविली.

त्या तरुणास ती नोकरी मिळाली. पुढे तो आला तेव्हा त्याने पत्राची प्रत मागितली, ती दिली. ताकिदींची ओळ त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, ‘हे खरंच आहे.’ गंजीच्या तुटीविषयी त्यास अखेरपर्यंत कोणी काही विचारले नव्हते, म्हणून पावत्यांवरचा तो हिशेब आम्ही त्यास कागदावर मांडून दाखविला. तो बराच वेळ बोलला नाही. काकांना मात्र त्या दोन ताकिदी अजून खुपतात. दोन दिवाळ्या ते आमच्याकडे फराळास आले नाहीत.

मालकांनी पुढच्या हंगामापासून एक केले. गंजी जिनवर घेतानाची आर्द्रता लिहिण्यास नोंदवहीत एक नवा रकाना आखून घेतला.