शिष्यवृत्तीचा अर्ज आणि संगीताचा विद्यार्थी



संगीतावर बोलावयास उभे राहून आम्ही अर्ज आणि दाखले यांवर बोलणार, हे ऐकून कोणाला थोडे नवल वाटेल. परंतु शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गोड गळ्याची वाण नाही. गावोगावच्या सप्ताहांत पेटीवर बसणारी, पखवाजावर साथ करणारी, खड्या आवाजात अभंग म्हणणारी मुले आपण पाहतोच. गाडे अडते ते पुढे. शास्त्रोक्त तालीम नियमाने घ्यावयाची तर शहापूरकराला आसनगावला गाडी धरून आणि मुरबाडकराला एस. टी. ने कल्याण गाठावे लागते. गुरूची फी, जाण्यायेण्याचा खर्च आणि मोडलेला दिवस यांचा मेळ शेतकऱ्याच्या घरी बसत नाही. म्हणून शिष्यवृत्ती. ती मिळविण्याच्या कामी हुशार विद्यार्थीही कोठे घसरतात, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम शिष्यवृत्ती म्हणजे काय, ते पाहू. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे उपदेशक वर्गातील मुलांची जेवणाखाण्याची सोय विद्यालय करी. पण त्या बदल्यात आपण इतकी वर्षे येथेच शिकू, असे मुलाच्या घरून लिहून घेतले जाई. म्हणजे ते बक्षीस नव्हते, तो करार होता. आजची सरकारी शिष्यवृत्तीही तशीच आहे. मागे किती ढाली जिंकल्या, यापेक्षा पुढील दोन वर्षे हा विद्यार्थी काय शिकणार आणि ते शिकण्याइतका त्याचा पाया झाला आहे काय, हे तेथे पाहतात. ही गोष्ट ज्याने ओळखली, त्याचा अर्ज निम्मा सुधारला.

आता प्रत्यक्ष योजना घेऊ. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. तिचे काम दिल्लीचे सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र, म्हणजे ज्याला आपण सीसीआरटी म्हणतो, ते पाहते. जाहिरात आणि नियम ccrtindia.gov.in या स्थळावर मिळतात. संगीत, नृत्य, नाट्य, चित्र, लोककला अशा सर्व शाखा मिळून वर्षाला ४०० शिष्यवृत्त्या असतात. दरमहा ५,००० रुपये, मुदत दोन वर्षे. वय त्या वर्षाच्या १ एप्रिलला १८ पेक्षा कमी नसावे आणि २५ पेक्षा जास्त नसावे. यात सवलत नाही. शाळा-कॉलेजच्या अमुक परीक्षेची अट नाही. पण अर्ज करतेवेळी गुरूकडे किंवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण झालेले असावे, ही अट आहे, आणि पुष्कळांचे पाऊल येथेच अडखळते.

श्रोतेहो, हा हिशेब पालकांनी घरी बसून करावा. अठराव्या वर्षी अर्ज करावयाचा, तर तेराव्या वर्षी तालीम सुरू झालेली हवी. विसाव्या वर्षानंतर ज्याने आरंभ केला, त्याची पाच वर्षे भरेतो वय निघून जाते. लहान मुलांसाठी याच केंद्राची १९८२ पासूनची दुसरी शिष्यवृत्ती आहे. ती १० ते १४ वयाच्या मुलांना मिळते आणि प्रगती समाधानकारक असेल तर विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते. मात्र चौदावे वर्ष चुकले की अठरापर्यंत या दोन्ही दारांपैकी एकही उघडे नाही. आपल्याकडे ‘दहावी होऊ दे, मग पाहू’ असे म्हणण्याची रीत आहे. ती रीत नेमकी याच फटीत मुलाला नेऊन सोडते.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, मुरबाडजवळच्या एका खेड्यातील मुलगी आहे, वय एकोणीस. अकराव्या वर्षापासून ती वडिलांच्या भजनी मंडळात गाते. तेराव्या वर्षी ती गावातील मास्तरांकडे शास्त्रीय गाणे शिकू लागली आणि तेथे साडेतीन वर्षे शिकली. नंतरची अडीच वर्षे कल्याणच्या गुरूंकडे जाते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा तिने दिली आहे. तिची शास्त्रीय तालीम किती वर्षांची? सहा. पण तिने फक्त कल्याणच्या गुरूंचा दाखला जोडला, तर कागदावर अडीचच वर्षे दिसतील. कागदापुढे गळा मुका असतो. नियमाप्रमाणे सध्याच्या गुरूबरोबर पूर्वीच्या गुरूचाही सहीनिशी दाखला जोडावा लागतो, आणि दोन्ही दाखल्यांवर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत हे स्पष्ट लिहिलेले असावे. दोन्हींच्या तारखा सलग जुळतात की मध्ये वर्षाचे भगदाड पडते, ते आपणच आधी पाहावे. परीक्षेची प्रमाणपत्रे या तारखांना आधार देतात, त्यांची जागा घेत नाहीत. आणि भजनाची वर्षे या पाचांत मोडू नयेत. ती परिचयात लिहावी, तेथे ती शोभतात.

म्हणून आमचे सांगणे असे की, गुरू बदलताना जुन्या गुरूंचा दाखला त्याच वेळी हाती घ्यावा. चार वर्षांनी मास्तर गाव सोडून गेलेले असतात, किंवा या जगात नसतात.

दाखल्याचा मजकूरही महत्त्वाचा. ‘मुलगी गुणी, आज्ञाधारक व होतकरू आहे’ असे लिहिलेला दाखला आईबापांना सुखावतो, परीक्षकाला काही सांगत नाही. ‘ही यमन, भूप, भीमपलास व बिहाग या चार रागांत विलंबित ख्याल स्वतंत्रपणे मांडते, स्वरस्थान पक्के आहे, लयीचे काम अजून व्हावयाचे आहे’ असे लिहिलेला दाखला वजनदार होतो. उणीव लिहिल्याने अर्ज पडत नाही. शिकवावयाचे काही उरलेच नसेल, तर शिष्यवृत्ती कशासाठी?

हीच गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः लिहावयाच्या टाचणाची. पुष्कळ जण लिहितात, ‘मी रियाझ करून शास्त्रीय संगीताचा प्रसार करीन.’ त्यापेक्षा आपल्या मुलीने असे लिहावे : पहिले सहा महिने यमन आणि भूप यांत विलंबित एकतालाचे आवर्तन भरण्याचा अभ्यास, दुसरे सहा महिने पूरिया, मारवा आणि सोहनी, कारण तिघांचे स्वर तेच असून चालण्याची तऱ्हा निराळी, तिसऱ्या सहामाहीत बिलावलाचे प्रकार, चौथीत झपताल व रूपक यांतील बंदिशी आणि तराणा. आठवड्यातून किती वेळा गुरूंपुढे बसणार, घरी किती तास मेहनत करणार, हेही लिहावे. असे टाचण गुरूंजवळ बसूनच होते, आणि वाचणाऱ्याला तत्काळ कळते की येथे खरी तालीम चालू आहे.

यानंतर तज्ज्ञ समितीपुढे प्रत्यक्ष गाणे. येथे अर्जातील प्रत्येक शब्द परत समोर येतो. आपल्याला येणाऱ्या रागांची यादी चाळीसपर्यंत फुगविण्याचा मोह होतो. त्यात भूप आणि देशकार दोन्ही असले, की परीक्षक तेच विचारण्याचा संभव फार. दोहोंचे स्वर तेच पाच. पण भूप सायंकाळचा, गंधारावर विसावणारा, आणि देशकार सकाळचा, धैवतावर तेजाळणारा. ज्याने फक्त आरोह-अवरोह पाठ केले, त्याचा देशकार दोन मिनिटांत भूप होतो, आणि मग उरलेल्या अडतीस रागांवरचाही विश्वास उडतो. दहाच राग लिहावेत, पण मध्येच थांबवून ‘अंतरा म्हणा’ किंवा ‘हातावर ताल धरून बोला’ असे म्हटले तरी डगमगू नये, असे ते दहा असावेत. त्यांत एक सकाळचा, एक दुपारचा आणि एक रात्रीचा राग पूर्ण तयार ठेवावा. बोलावणे कोणत्या वेळेचे येईल हे आपल्या हाती नसते.

भजनाच्या अंगणातून आलेल्या मुलांना एक सूचना मुद्दाम करतो. भजनी ठेका आठ मात्रांचा आणि धावता असतो. त्यामुळे या मुलांचा आवाज मोकळा, ताल अंगात भिनलेला असतो. हे भांडवल मोठे आहे. परंतु विलंबित एकतालाच्या बारा मात्रांना अतिविलंबित लयीत पाऊण ते एक मिनिट लागते. एवढा अवकाश समोर पसरला की ही मुले घाबरतात, शब्दांची घाई करतात आणि समेच्या आधीच येऊन उभी राहतात. ही उणीव कशी ओळखावी? तबल्याची साथ थांबवून हातावर मात्रा धरावी आणि एकच आलाप आवर्तनभर विस्तारून मुखड्यावर यावे. तीन वेळा सम बिनचूक सापडली, तर तयारी झाली. समितीपुढे वेळ थोडा मिळतो, म्हणून पाच मिनिटांत स्थायी, थोडी बढत आणि छोटा ख्याल नीट बसविण्याचाही सराव घड्याळ लावून करावा.

शिष्यवृत्ती मिळाली तरी पैसा दरमहा हाती येत नाही. एकूण १,२०,००० रुपये चार सहामाही हप्त्यांत येतात, आणि पुढील हप्ता प्रगतीच्या अहवालावर अवलंबून असतो. तेव्हा पहिल्या काही महिन्यांची सोय घरूनच करावी, आणि त्या भरवशावर कर्ज काढू नये. रोज काय शिकलो, त्याची वही ठेवली तर अहवाल लिहिताना गुरूंनाही आठवणी उकरून काढाव्या लागत नाहीत. एका वेळी दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, हेही ध्यानात असावे.

एक शेवटचा खुलासा. पंचविशीनंतर संस्कृती मंत्रालयाची अधिछात्रवृत्ती आहे; २५ ते ४० वयास दरमहा १०,००० आणि त्यापुढे २०,००० रुपये. पण ती तालमीसाठी नव्हे. तेथे संशोधनाचा किंवा नव्या कामाचा विषय मांडावा लागतो. ‘मला आणखी शिकायचे आहे’ असे तेथे लिहिणे म्हणजे कापडाच्या दुकानात धान्य मागणे. आपल्या दोन तालुक्यांतील भजनाच्या जुन्या चाली जमवून त्यांचे स्वरलेखन करणे, हा मात्र तेथे विषय होऊ शकेल.

आपल्या घरी दहा-बारा वर्षांचे गाणारे मूल असेल, तर उद्याच एक वही घ्यावी आणि पहिल्या पानावर गुरूंचे नाव आणि तालीम सुरू झाल्याची तारीख लिहावी. सहा ते आठ वर्षांनी जो अर्ज भरावयाचा आहे, त्याची पहिली ओळ तीच.