शिकण्याचा खर्च आणि आयकर



आपल्या फुलसावंगीत दोन भाऊ आहेत असे समजा. थोरला शिक्षक आहे, धाकट्याचे मोटार-पंप दुरुस्तीचे दुकान आहे. थोरल्याने मुक्त विद्यापीठाच्या शालेय व्यवस्थापन पदविकेसाठी 12,000 रुपये भरले. धाकटा सौरपंपाची दुरुस्ती शिकायला नागपूरला गेला. त्याचीही फी 12,000 रुपयेच. आयकराचा हिशेब करताना मात्र दोघांना दोन न्याय लागतात.

थोरल्याला या फीची वजावट मिळत नाही. पगारदाराने कामासाठी केलेला किरकोळ खर्च पूर्वी वेगवेगळा दाखवता येई. 1974 च्या वित्त कायद्याने त्याऐवजी ठोक प्रमाणित वजावट आणली. मध्यंतरी ती बंद झाली आणि 2018 मध्ये परत आली. 2024-25 पासून नव्या करपद्धतीत ती 75,000 रुपये आहे, जुन्या पद्धतीत 50,000. तुम्ही शिकण्यावर शंभर खर्चा की लाख, रक्कम तीच राहते. पुष्कळ शिक्षक फीची पावती ‘ट्युशन फी’ म्हणून कारकुनाकडे देतात. पण ती सवलत जुन्या पद्धतीत, फक्त दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी आहे. स्वतःच्या फीसाठी नाही. कामासाठी लागणारे प्रशिक्षण संस्थेनेच आपल्या खर्चाने दिले, तर ती रक्कम नोकराच्या उत्पन्नात धरली जात नाही. म्हणून आधी संस्थेला विचारावे.

धाकट्याचे वेगळे आहे. चालू धंद्यासाठीच केलेला, घरगुती नसलेला आणि भांडवली नसलेला खर्च नफ्यातून वजा होतो. तो पंप दुरुस्त करतोच, सौरपंप हा त्याच कामाचा पुढचा भाग. म्हणून फी आणि प्रवास-मुक्कामाचे 3,000 मिळून 15,000 वजा होऊ शकतात. दुकान उघडण्याआधीच हे शिकला असता, किंवा दुकान चालवताना वकिलीची पदवी घेतली असती, तर ते धंदा चालवण्याचे नव्हे, नवी पात्रता मिळवण्याचे ठरले असते, वजावट नाही.

येथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक, फी एका दिवसात एकाच संस्थेला 10,000 च्या वर रोख दिली, तर तो खर्च सबंध नामंजूर होतो. धाकट्याने 12,000 बँकेतून द्यावेत, पावती स्वतःच्या किंवा दुकानाच्या नावाची घ्यावी, आणि अभ्यासक्रमाची माहितीही जपावी. दुसरे, वह्या न ठेवता तो अंदाजे पद्धतीने रोखीच्या उलाढालीवर 8 टक्के नफा दाखवत असेल, तर सगळा खर्च त्यातच आला असे धरतात. 9 लाखांवर नफा 72,000; त्यातून 15,000 पुन्हा वजा करता येत नाहीत.

आणि खरे सांगायचे तर एवढ्या उत्पन्नावर कर लागतच नाही. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तेव्हा धाकट्याने आपल्या पावतीसाठी वह्या लिहायला बसण्यापूर्वी, आपल्याला कर भरावा लागतो का, हेच आधी पाहावे.