शपथविधीच्या व्यासपीठावरील वचने



विद्यार्थी परिषदेचा नवा अध्यक्ष शपथ घेतो आणि पाच मिनिटे बोलतो. त्या पाच मिनिटांत तीन वचने हमखास येतात : शुल्क कमी करू, एस.टी.च्या फेऱ्या वाढवू, वाचनकक्ष रात्री दहापर्यंत उघडा ठेवू. टाळ्या पहिल्या वचनाला सर्वाधिक पडतात आणि नेमके तेच त्याच्या हाती सर्वांत कमी असते. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क 2015 च्या कायद्यान्वये शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्यासाठी लढा जरूर द्यावा, परंतु लढा आणि वचन या दोन गोष्टी एक नव्हेत. एस.टी.साठी आगार व्यवस्थापकाकडे शिष्टमंडळ नेता येते. फेरी देणे न देणे त्याच्या हाती.

उरला वाचनकक्ष. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने (ज्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, पण ती प्रत्यक्षात येणे वर्षानुवर्षे लांबत गेले) महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला व सचिवाला स्थान दिले आहे. समितीच्या वर्षाकाठी किमान चार बैठका होतात. अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. तिचा अधिकार मात्र शिफारशीचा.

आता हिशेब पाहू. सायंकाळी सात ते दहा, महिन्याचे पंचवीस दिवस, दहा महिने, म्हणजे 750 तास. सेवकाला तासाला शंभर रुपये द्यायचे धरले, तर 75,000 रुपये. विजेचा खर्च वेगळा. दीड हजार विद्यार्थ्यांत वाटल्यास माणशी पन्नास रुपये. रक्कम अशक्य नाही. अडचण वेळेची आहे. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते आणि अध्यक्ष निवडून येतो सत्र सुरू झाल्यानंतर. तोवर अंदाजपत्रक मंजूर झालेले असते. म्हणून या वर्षी दुसऱ्या शीर्षातील शिल्लक वळवण्याची मागणीच करता येईल, आणि पुढील वर्षाची तरतूद मार्चपूर्वीच्या बैठकीत मांडावी लागेल. ही तारीख चुकली की वचन बुडाले. काम झाले की नाही हे प्राचार्यांच्या आश्वासक हास्यावरून नव्हे, इतिवृत्तातील ठरावावरून ओळखावे.

परंतु रात्री दहापर्यंत बसणार कोण? वसतिगृहातील आणि गावातच घर असलेले. खेड्यातून येणारी मुलगी सायंकाळची एस.टी. गाठते, सकाळी मात्र ती पहिल्या गाडीने सातला पोहोचते आणि तासिका सुरू होईपर्यंत व्हरांड्यात थांबते. तोच वाचनकक्ष सकाळी सातला उघडला, तर तेवढ्याच पैशांत वचनाचा लाभ तिला मिळतो.

हे समजलेल्या अध्यक्षाचे भाषण मग फार तर तीन वाक्यांचे होईल : वाचनकक्ष सकाळी सातला उघडावा असा ठराव पहिल्या बैठकीत मांडू, त्याला लागणारी रक्कम आणि ती कोणत्या शीर्षातून मागितली, हे सूचनाफलकावर लावू, नकार मिळाल्यास त्याचे कारणही तेथेच लावू.