टाके डॉक्टर घालतात, पुढचे चार दिवस सोबत्याचे

(रुग्णांबरोबर दवाखान्यात राहणाऱ्या मंडळीतील स्वयंसेवकांच्या शिबिरात दिलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण पाड्यावरच्या माणसाला ऑपरेशनसाठी शहरात घेऊन जातात. फॉर्म भरणे, रक्ताची सोय करणे, घरच्यांना धीर देणे ही कामे तुम्हाला ठाऊक आहेत. आज मी फक्त दोन गोष्टींवर बोलणार आहे. ऑपरेशनच्या आधी कोणती यादी तपासायची, आणि ऑपरेशननंतर छाती, पाय व आतडी या तीन ठिकाणी काय बिघडू शकते.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरची ४६ वर्षांची बाई आपण उदाहरणासाठी धरू आणि तिला मावशी म्हणू. गर्भाशयात मोठी गाठ आहे, पाळीला फार रक्त जाते, आणि डॉक्टरांनी पोट उघडून गर्भपिशवी काढायचे ठरवले आहे. हिमोग्लोबिन ७ आहे. ती तंबाखू खाते आणि आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक करत आली आहे.

यादीची सुरुवात घरीच होते. ठरवून करायच्या ऑपरेशनला हिमोग्लोबिन ७ वर असताना घाई करत नाहीत. लोहाची इंजेक्शने आणि गरज पडल्यास रक्त देऊन ते १० च्या आसपास आणतात. यात काही आठवडे जातात आणि घरचे म्हणतात, "डॉक्टर उगाच टाळतायत." ते टाळत नाहीत, हे त्यांना समजावणे आपले काम. त्याच आठवड्यांत तंबाखू बंद करायची. घरात कोणी बिडी ओढत असेल आणि ऑपरेशन त्याचे असेल, तर निदान चार आठवडे आधी बिडी सुटली पाहिजे. फुप्फुसातला कफ स्वतःहून वर सरकायला तेवढा वेळ लागतो.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. आपल्या भागातल्या रुग्णाची ही तपासणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार्ड असेल तर ते केसपेपरला लावा. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि प्राणवायूची कमतरता या तिन्ही गोष्टी घातक असतात, आणि ऑपरेशनच्या दिवशी तिन्ही एकदम येऊ शकतात. आधी कळले तर भूल देणारे डॉक्टर त्याची तयारी ठेवतात. मावशी फक्त वाहक निघाली. वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण तेही कागदावर लिहिलेले हवे.

आदल्या रात्री सिस्टर विचारतील: कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या, पूर्वी कधी भूल दिली होती का. गोळ्यांची नावे रुग्णाला सांगता येत नाहीत, म्हणून पाकिटेच सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी, साखरेची गोळी आणि वैदूने दिलेला पाला किंवा मुळी, सगळे सांगा. त्यातले काय बंद करायचे हे डॉक्टर ठरवतील. पायातले वाळे, नथ, बांगड्या, कवळी काढून घरच्यांच्या हाती द्या. नखाचा रंगही काढा, कारण बोटाला लावायचा प्राणवायूचा चिमटा त्याने चुकीचा आकडा दाखवू शकतो. जागेवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक जखमा होतात आणि त्यांतून पू धरतो.

उपाशी राहण्याबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून साधारणपणे जेवण आणि दुधाचा चहा ६ तास आधी बंद, तेलकट जेवण ८ तास आधी. साधे पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालते, पण ते भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचे. सकाळी ९ चे ऑपरेशन दुपारवर गेले तर सोबत्याने पुन्हा जाऊन विचारावे, "पाणी देऊ का?" दिवसभर कोरडे ठेवलेल्या माणसाचे रक्त घट्ट होते, आणि त्याचा त्रास पुढे पायांत दिसू शकतो.

आत थिएटरमध्ये डॉक्टरांची स्वतःची यादी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ती सर्व देशांपुढे ठेवली. ती तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख डॉ. अतुल गवांदे यांचे वडील मूळचे आपल्या विदर्भातले. यादीत १९ प्रश्न आहेत आणि ते तीन टप्प्यांत मोठ्याने विचारायचे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर नेण्याआधी. नाव हेच ना, ऑपरेशन हेच ना, जंतुप्रतिबंधक इंजेक्शन चिरा देण्याआधी ६० मिनिटांच्या आत दिले ना, गॉज आणि हत्यारे मोजून भरली ना. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. त्यात दिल्लीचे सेंट स्टीफन्स हे मिशन रुग्णालयही होते. गुंतागुंत शंभरात ११ वरून ७ वर आली, आणि मृत्यू हजारात १५ वरून ८ वर आले. म्हणून आपल्या रुग्णाला तिसऱ्यांदा नाव विचारले तर रागवू नका. उलट मावशीला आधीच सांगून ठेवा की पुन्हा पुन्हा विचारतील, तू पुन्हा पुन्हा सांग.

आता मावशी वॉर्डात परत आली आहे. पोटावर आडवे टाके आहेत. घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो: "हलू नको, टाके तुटतील." पुढची तीनही संकटे या सल्ल्यातूनच वाढतात.

पहिले छातीचे. पोट दुखते म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि खोकला दाबतो. फुप्फुसाचा खालचा भाग फुगत नाही, तिथे कफ साचतो आणि त्यात जंतू वाढतात. उपाय असा: पलंगाची डोक्याकडची बाजू वर करा. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास, प्रत्येक श्वास मनात तीन मोजेपर्यंत धरायचा. मग घडी केलेले ब्लँकेट टाक्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरून खोकायचे. असे धरले की टाक्यांना ओढ बसत नाही. तीन चेंडूंचे यंत्र दिले असेल तर त्यात फुंकायचे नाही, हवा आत ओढायची. हे दुखण्याचे औषध दिल्यावर करा. दुखत असताना कोणीही खोल श्वास घेत नाही, म्हणून औषध वेळेवर मागणे हा लाड नव्हे. ताप, पिवळा कफ किंवा धाप दिसली तर लगेच सिस्टरना सांगा.

दुसरे पायांचे. पोटरीचे स्नायू आवळले की पायातले रक्त वर ढकलले जाते. पाय स्थिर राहिले तर ते खोल शिरांत साकळते आणि गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो. म्हणून पाय हलवता यायला लागल्यापासून पावले वरखाली करायची, तासाला वीस वेळा. सिस्टरांच्या परवानगीने पहिल्याच दिवशी पलंगाच्या कडेला बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी धरून चालवायचे. धोका जास्त असेल तर डॉक्टर रक्त गोठू न देणारे इंजेक्शन पोटाच्या कातडीत देतात. ते का देतात हे घरच्यांना समजावा, नाहीतर ते नको म्हणतात.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर तेल लावून चोळू नका. आपल्याकडे माया दाखवायची ती पहिली रीत आहे, पण चोळल्याने गुठळी सुटू शकते. पाय तसाच ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली किंवा थुंकीत रक्त आले, तर एक क्षणही थांबू नका. हा धोका घरी गेल्यावरही काही आठवडे राहतो. परतीचा जीपचा प्रवास पाच तासांचा असेल तर तासा-दीड तासाने उतरवून चार पावले चालवा.

तिसरे आतड्यांचे. पोट उघडून हाताळले की आतडी काही काळ थांबतात. लहान आतडे सहसा दिवसभरात जागे होते, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. त्याहून जास्त काळ ती थांबून राहिली तर तिला आतड्यांची शिथिलता म्हणतात. मावशीच्या बाबतीत तेच झाले असे धरू. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखे फुगले, वारा सरला नाही, हिरवट उलटी झाली. कळा मात्र फारशा नव्हत्या. नवऱ्याला वाटले भुकेने झाले, म्हणून तो भाकरी कालवून देणार होता. सोबतीच्या बाईने हात धरला आणि सिस्टरना तीनच गोष्टी सांगितल्या: पोट फुगले, उलटी हिरवी, कालपासून वारा नाही.

तेवढ्यावरून डॉक्टरांना दिशा मिळाली. तोंडाने काही द्यायचे नाही, नाकातून नळी घालून पोट रिकामे करायचे, सलाईन द्यायचे, रक्त तपासायचे. पोटॅशियम कमी होते, ते भरून काढले. आतडे कुठे अडकलेले किंवा पोटात पू नाही, याची सोनोग्राफी व एक्स-रेने खात्री केली. आतडी मंदावणारे जोरदार वेदनाशामक कमी करून दुसरे दिले. आणि नळीसकट तिला दिवसातून तीनदा वॉर्डात फिरवले. पाचव्या दिवशी वारा सरला, सहाव्या दिवशी पेज सुरू झाली.

फुगलेले पोट छातीचा पडदा वर ढकलते, त्यामुळे श्वास उथळ होतो. श्वास अपुरा म्हणून माणूस उठत नाही, आणि उठत नाही म्हणून पायात रक्त साकळते. तीन संकटे आहेत, पण गाठ एकच.

चालवल्याने सगळेच टळते असे नाही. मन लावून सेवा केलेल्या रुग्णालाही गुठळी होते. पण लवकर सांगितले तर बहुधा वेळ हाती असते. म्हणून सोबत्याने वहीत रोज सकाळ-संध्याकाळ चार ओळी लिहाव्यात: किती वेळा चालली, श्वास व खोकला कसा, दोन्ही पोटऱ्या सारख्या आहेत का, वारा सरला का. शेवटचा प्रश्न विचारायला आपल्याला लाज वाटते. पुरुष सोबती असेल तर बाई तोंड उघडत नाही. म्हणून बाईसोबत बाईच पाठवा, आणि तिची भाषा बोलणारी पाठवा. डॉक्टरांच्या फेरीला ती वही पुढे करा.