घड्याळातला पाझरलेला सेल

भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं आणि सेलभोवती पांढरा खार दिसला, तर आधी सेलवरची अक्षरं वाचा. अल्कलाइन असेल तर तो खार अंगाला चरचरणारा क्षार असतो. उघडा हात लावू नका, फुंकर मारू नका. डोळ्यात गेलाच, तर 20 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि दवाखाना गाठा.

हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून सेल काढा. जुन्या कोरड्या ब्रशनं खार कागदावर झाडा. काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसात जेमतेम भिजवा आणि स्प्रिंग व पत्री पुसा. बारीक फेस येतो, कारण आंबटानं क्षार मरतो. फेस थांबला की पाण्यानं ओलसर केलेल्या कापसानं रस पुसा, नाहीतर तोच पत्रीला खाईल. नंतर घड्याळ चांगलं सुकू द्या.

पत्री काळीच राहिली तर खोडरबरानं चमक येईपर्यंत घासा. मग नवा सेल घाला. तरीही काटा हलला नाही, तर तारेचा डाग पाहा. तो हिरवा पडून सुटला असेल, तर दुरुस्तीवाल्याकडून झाळून घ्या. जुना सेल चुलीत टाकू नका, तो फुटतो.