एक पाऊण, इंग्रजीत तीन तऱ्हा

माझा मामेभाऊ मालवणला पाहुण्यांसाठी दोन खोल्या चालवतो. बाहेरच्या राज्यातले पाहुणे आले की मला फोन. परवा म्हणाला, "ताई, खोली पावणेतीन हजार, बोट पावणेआठला, फेरी पाऊण तासाची. इंग्रजीत कसं सांगू?"

आता गंमत बघा. तिन्हीकडे तोच पाऊण, पण इंग्रजीत तिन्ही वेगळे.

आधी घड्याळ. पावणेआठ म्हणजे आठला पाव तास कमी. इंग्रजीही आठचंच नाव घेते : क्वार्टर टू एट. सव्वाला क्वार्टर पास्ट, साडेला हाफ पास्ट. इथवर सोपं. गडबड होते ती आकड्यात सांगताना. कानात 'आठ' असतं, म्हणून तोंडून एट फॉर्टीफाइव्ह जातं. पाहुणे तासभर उशिरा येतात, बोट गेलेली असते! पावणे ऐकलं की आधी एक तास मागे जायचं, मग पंचेचाळीस लावायचे : सेव्हन फॉर्टीफाइव्ह. आणि नुसतं 'पाऊण वाजता' म्हणजे 12:45, क्वार्टर टू वन.

दुसरं, किती वेळ लागतो ते. इथे क्वार्टर टू किंवा क्वार्टर पास्ट चालत नाही, ते फक्त घड्याळातल्या वेळेला. पाऊण तास म्हणजे फॉर्टीफाइव्ह मिनिट्स. सव्वा तास म्हणजे अ‍ॅन अवर अँड अ क्वार्टर, दीड तास म्हणजे अ‍ॅन अवर अँड अ हाफ.

तिसरे, पैसे. इथे पाव कशाचा, हे पुढच्या शब्दावरून ठरतं. शंभराचा पाव पंचवीस, हजाराचा अडीचशे. म्हणून पावणेतीनशे म्हणजे 275, पण पावणेतीन हजार म्हणजे 2,750. सव्वातीन हजार 3,250, साडेतीन हजार 3,500. नुसतं पाऊणशे म्हणजे 75. साडेतीन हजारला थ्री अँड अ हाफ थाउजंड म्हटलं तर चालून जातं, पण पावणेतीन हजारला क्वार्टर टू थ्री थाउजंड कुणी म्हणत नाही. किंमत सांगताना इंग्रजी वजाबाकी करत नाही. आधी मनात आकडा लिहा, मग तो वाचा : टू थाउजंड सेव्हन हंड्रेड अँड फिफ्टी. घाईत लोक ट्वेंटीसेव्हन फिफ्टी म्हणतात, पण ते सत्तावीस रुपये पन्नास पैसेही वाटू शकतं. खोलीच्या भाड्यात तसं कुणी समजणार नाही, भाजीच्या भावात मात्र समजेल.

मग भावाला सांगितलं, असं म्हण : "द रूम इज टू थाउजंड सेव्हन हंड्रेड अँड फिफ्टी रुपीज. द बोट लीव्ह्ज अ‍ॅट क्वार्टर टू एट. द राइड टेक्स फॉर्टीफाइव्ह मिनिट्स."

आता तुम्ही सांगा : दुकान पावणेदोनला बंद होतं आणि टोपी पावणेदोनशेला आहे. इंग्रजीत दोन वाक्यं करा आणि व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!